वर्षातून एकदा तोल साधा, पण विकणं सगळ्यात शेवटी



३१ मार्चला आपण दुकानात काय करतो? शटर अर्धं ओढून माल मोजतो. कुठला माल जास्त भरलाय, कुठला संपत आलाय, कुठे पैसा अडकलाय, ते त्या दिवशी कळतं. माझं स्टेशनरीचं दुकान आहे. एखाद्या वर्षी गिफ्टचा माल जास्त खपतो, त्या नादात तोच भरला जातो आणि जूनच्या सीझनला वह्यांसाठी हात आखडतो. गिफ्टचा माल वाईट असतो असं नाही. प्रमाण बिघडतं, एवढंच.

म्युच्युअल फंडातल्या पैशांचंही असंच होतं. तुम्ही ठरवलेलं असतं, ६० टक्के इक्विटीत आणि ४० टक्के डेटमध्ये. चार-पाच वर्षं बाजार चढतो आणि तुम्ही काहीही न करता ते ७२-२८ होऊन बसतं. ते परत ठरवलेल्या प्रमाणात आणणं म्हणजे रिबॅलन्सिंग. मी त्याला तोल साधणं म्हणतो.

मागच्या व्हिडिओत मी म्हणालो की हे वर्षातून एकदा करा. त्यानंतर दोन टोकांची मतं माझ्यापर्यंत आली. एक म्हणतात, एकदाच कशाला, दर तिमाहीला करा. दुसरे म्हणतात, विकलं की कर लागतो, म्हणून विकूच नका. मला दोन्ही पटत नाहीत. माझं मत सरळ आहे. बघायचं वर्षातून एकदा, आणि दुरुस्ती करायचीच असेल तर विकणं हा शेवटचा मार्ग. आणि विकायची वेळ आलीच, तर मार्च आणि एप्रिलच्या सांध्यावर विकायचं. हे का, ते आकड्यांसकट सांगतो.

आधी माझी चूक

२०२० च्या लॉकडाउनमध्ये शाळा बंद होत्या. वह्यांचा सीझन गेलाच होता. मालासाठी बाजूला ठेवलेले पैसे नुसते पडून होते. त्यात घरची थोडी बचत घालून मी मे महिन्यात दहा लाख गुंतवले, सहा इक्विटी फंडात आणि चार डेट फंडात. पुढे बाजार कसा पळाला ते तुम्हाला माहीत आहे. मी नवा होतो, उत्साह होता, आणि कुठेतरी वाचलं होतं की दर तीन महिन्यांनी प्रमाण नीट करायचं असतं. मी तेच केलं. इक्विटी वाढली की थोडी विकायची, डेटमध्ये टाकायची.

वर्ष संपल्यावर स्टेटमेंट काढलं. एकूण १ लाख ४० हजारांची इक्विटी युनिटं विकली होती, त्यात नफा ३४ हजार. पण सगळी युनिटं वर्षाच्या आतली, म्हणजे अल्पकालीन नफा. तेव्हाचा दर १५ टक्के. कर ५,१०० आणि वर ४ टक्के सेस, मिळून ५,३०४ रुपये. शिवाय त्या फंडाला वर्षाच्या आत बाहेर पडलं तर १ टक्का एक्झिट लोड होता. ते आणखी १,४०० रुपये. हा लोड वेगळ्या ओळीत ठळक दिसत नाही, विकताना मिळणाऱ्या भावातूनच कापला जातो. म्हणून मला तो दोन महिने कळलाच नव्हता.

एकूण ६,७०४ रुपये गेले. मी फक्त वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबलो असतो तर? लोड शून्य. आणि तेव्हा वर्षाला एक लाखापर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नव्हता, म्हणजे करही शून्य. तीच विक्री, तीच रक्कम, फरक फक्त तारखेचा. दर तिमाहीवाल्यांना माझं उत्तर हे आहे.

कर नेमका कशावर लागतो?

पुढच्या हिशोबासाठी इथे थोडं थांबू. सगळ्यात मोठा गैरसमज हा की साडेतीन लाख विकले म्हणजे साडेतीन लाखांवर कर. नाही. त्या विकलेल्या युनिटांमध्ये जेवढा नफा आहे, तेवढ्यावरच.

आता कुठली युनिटं विकली गेली असं धरायचं? आपल्या दुकानाचाच नियम. आधी आलेला माल आधी गेला. तुमची एसआयपी सहा वर्षं चालू असेल तर पहिल्यांदा सहा वर्षांपूर्वीची युनिटं विकली गेली असं धरतात, गेल्या महिन्यातली नाहीत. याचा फायदा असा की ती युनिटं वर्षाच्या पुढची असतात, त्यामुळे अल्पकालीन दर आणि एक्झिट लोड, दोन्हींतून सुटका. तोटा असा की सगळ्यात जुन्या युनिटांमध्ये नफाही सगळ्यात जास्त असतो. म्हणून ‘माझ्या गुंतवणुकीत सरासरी इतके टक्के नफा आहे’ या आकड्यावर हिशोब करू नका, तो चुकतो.

दर आता असे आहेत. इक्विटी फंड बारा महिन्यांच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के. बारा महिन्यांनंतर विकला तर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर काही नाही, त्यावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासून लागू झाले. दोन्हींवर ४ टक्के सेस वेगळा. डेट फंडाची युनिटं १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर घेतलेली असतील तर कितीही वर्षं ठेवा, नफा तुमच्या उत्पन्नात धरला जातो आणि तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो.

बाकीचे खर्च? फंडात ते अगदी किरकोळ आहेत. इक्विटी फंड विकताना लागणारा एसटीटी ०.००१ टक्के आणि कुठलाही फंड घेताना लागणारी स्टॅम्प ड्युटी ०.००५ टक्के. ३ लाख ६० हजार इकडून तिकडे केले तर एसटीटी साधारण चार रुपये आणि स्टॅम्प ड्युटी अठरा रुपये. एका कटिंग चहाच्या आसपास. थेट शेअर्स असतील तर गोष्ट वेगळी. तिथे डिलिव्हरीला एसटीटी ०.१ टक्का, तोही घेताना आणि विकताना दोन्ही वेळा, शिवाय विकताना कंपनीमागे वेगळा डीपी चार्ज. दहा कंपन्यांचे चार-चार शेअर विकत बसलात तर हे चार्जेस टोचतात. पण फंडवाल्यांना खरी किंमत मोजावी लागते ती कराची आणि एक्झिट लोडची. लक्ष तिथे ठेवा.

भांड्यांच्या दुकानवाल्या काकांचा हिशोब

आमच्या एका बॅचमध्ये भांड्यांचं दुकान असलेले एक काका होते, पन्नाशीचे. भाड्याच्या गाळ्यात पंचवीस वर्षं काढलेली. मालकाने तोंडी कबूल केलं होतं, तीन वर्षांनी गाळा तुम्हालाच देतो, तोवर बारा लाख तयार ठेवा, बाकीचं कर्ज काढा. काकांचे फंडात एकूण तीस लाख होते. ठरवलं होतं ६०-४०, म्हणजे अठरा लाख इक्विटी आणि बारा लाख डेट. ते डेटमधले बारा लाख म्हणजेच गाळ्याचे पैसे.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही त्यांचं स्टेटमेंट उघडलं. इक्विटी २१ लाख ६० हजार, डेट ८ लाख ४० हजार. ७२-२८.

मी म्हटलं, "काका, गाळ्याच्या पैशातले तीन लाख साठ हजार शेअर बाजारात बसलेत."

काका म्हणाले, "बसू द्या की सर. वाढतायत ना? विकलं की सरकारला कर द्यायचा. फुकट कशाला?"

त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. कर द्यायला कुणाला आवडतं? म्हणून मी दोन्ही बाजूंच्या किमती कागदावर मांडल्या.

विकल्याची किंमत आधी बघू. काकांची जुनी युनिटं साधारण दुप्पट झाली होती. म्हणजे ३ लाख ६० हजार विकले तर त्यात नफा १ लाख ८० हजार. त्यातले सव्वा लाख सूट, राहिले ५५ हजार. त्यावर साडेबारा टक्के म्हणजे ६,८७५ आणि सेस धरून ७,१५० रुपये. हलवायच्या रकमेच्या जेमतेम दोन टक्के.

आता न विकल्याची किंमत. जानेवारी २०२० मध्ये निफ्टी १२,३०० च्या वर होता आणि २३ मार्च २०२० ला ७,६१० वर बंद झाला. दोन-सव्वादोन महिन्यांत ३५ टक्क्यांहून जास्त पडझड. समजा गाळा घ्यायच्या वर्षीच ३५ टक्के पडलं. प्रमाण ७२-२८ ठेवलं तर काकांची इक्विटी चौदा लाखांवर येते आणि डेटमध्ये फक्त ८ लाख ४० हजार. बारा लाख उभे करायला ३ लाख ६० हजारांची इक्विटी तळात विकावी लागणार. ६०-४० केलं असेल तर बारा लाख डेटमध्ये तयार आहेत, इक्विटीला हात लावायची गरज नाही. आणि एकूण पैशातही १ लाख २६ हजारांचा फरक पडतो, कारण जादा ठेवलेल्या ३ लाख ६० हजारांवरचा ३५ टक्के तोटा तेवढाच होतो.

म्हणजे एका बाजूला नक्की ७,१५०. दुसऱ्या बाजूला कदाचित १ लाख २६ हजार आणि चुकीच्या वेळी विकायची सक्ती. बाजार पडेलच असं नाही. वाढलाही असता, आणि मग काकांनी तेवढा फायदा सोडला असता. पण गाळा हातचा जाणं आणि थोडा फायदा कमी होणं, हे एका तराजूत बसत नाही. आपण गोडाऊनचा आगीचा विमा उतरवतो तेव्हा आग लागेल असं मानून उतरवत नाही.

मार्च-एप्रिलचा सांधा

खरं तर ते ७,१५० सुद्धा द्यायची गरज नव्हती. सव्वा लाखाची सूट दर आर्थिक वर्षाला नव्याने मिळते. वापरली नाही तर त्या वर्षाची वाया जाते, पुढे ओढता येत नाही. मग एकाच विक्रीचे दोन तुकडे केले तर?

काकांनी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात २ लाख ४० हजार विकले. नफा १ लाख २० हजार, सुटीच्या आत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उरलेले १ लाख २० हजार विकले. नफा ६० हजार, पण तो नव्या आर्थिक वर्षात, म्हणजे तोही सुटीच्या आत. कर शून्य. मधे दोन आठवडे गेले. त्या दोन आठवड्यांत बाजार हलू शकतो हे खरं, पण तीन वर्षांच्या कामासाठी दोन आठवड्यांची जोखीम मला चालते.

म्हणूनच मी म्हणतो, वर्षातून एकदा बघायची तारीख मार्चमधली ठेवा. दिवाळी पाडव्याला किंवा वाढदिवसाला बघितलं तर हा फायदा हाताशी नसतो. रक्कम मोठी असेल, दोन तुकड्यांतही बसत नसेल, तर तिसरा तुकडा पुढच्या मार्चला. पण एक अट आहे. पैसे वर्षभरातच लागणार असतील तर तुकडे करत बसू नका, कर भरा आणि मोकळे व्हा.

हे करताना चार ठिकाणी लोक अडकतात.

एक, सव्वा लाख अगदी काठोकाठ भरायला जातात. विकायचा अर्ज देताना भाव माहीत नसतो. दुपारी तीनच्या आत दिला तर त्या दिवसाचा भाव लागतो, तो रात्री कळतो. म्हणून काकांनी नफा सव्वा लाख न धरता १ लाख २० हजार धरला.

दोन, ३१ मार्चपर्यंत थांबतात. त्या आठवड्यात सुट्ट्या येतात, साइट अडकते, बँकेचा मेसेज येत नाही. तारीख चुकली की ती विक्री पुढच्या वर्षात जाते आणि दोन तुकडे एकाच वर्षात बसतात. २५ तारखेच्या आत काम संपवा.

तीन, वर्षभरात इतर कुठे विकलं ते विसरतात. सव्वा लाखाची सूट एका फंडाला नसते, एका माणसाला असते. सगळे इक्विटी फंड आणि लिस्टेड शेअर्स मिळून. दिवाळीत शेअर्स विकून ८० हजार दीर्घकालीन नफा घेतला असेल तर आता ४५ हजारच उरले. बायकोच्या नावाची सूट वेगळी असते, पण ती तिच्या स्वतःच्या पैशांवर. तुम्ही पैसे देऊन तिच्या नावाने गुंतवले असतील तर त्यावरचा नफा तुमच्याच उत्पन्नात धरतात.

चार, स्विच केलं म्हणजे विकलं नाही असं समजतात. एकाच कंपनीच्या इक्विटी फंडातून डेट फंडात स्विच केलं तरी ती कराच्या दृष्टीने विक्रीच. सोय होते, कर वाचत नाही.

दुकानदारांसाठी एक खास खर्च

हा खर्च रील्समध्ये कुणी सांगत नाही. आपल्यापैकी बरेच जण उलाढालीवर ठरावीक टक्के नफा दाखवून आयटीआर-४ भरतात. सोपा फॉर्म, सीएची फी कमी. पूर्वी भांडवली नफा एक रुपया असला तरी हा फॉर्म चालत नसे. २०२५-२६ या करनिर्धारण वर्षापासून सवलत मिळाली. इक्विटीचा दीर्घकालीन नफा सव्वा लाखाच्या आत असेल आणि मागचा तोटा पुढे ओढायचा नसेल, तर आयटीआर-४ चालतो.

पण नफा सव्वा लाखाच्या वर गेला, किंवा अल्पकालीन नफा थोडासाही झाला, की आयटीआर-३ भरावा लागतो. तो मोठा फॉर्म आहे आणि सीए त्याची फी वेगळी लावतो, जी माझ्या ओळखीच्या बऱ्याच दुकानदारांना कराइतकीच जड जाते. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेला डेट फंड विकला तर तो नफाही अल्पकालीन धरतात, म्हणजे तिथेही आयटीआर-३. म्हणून विकायच्या आधी सीएला एक फोन करा. नंतर नाही, आधी.

विकायच्या आधी काय?

मी सुरुवातीला म्हणालो, विकणं शेवटी. मग आधी काय? नवे पैसे.

आमच्याच बॅचमध्ये मोबाइल रिपेअरिंगचं दुकान असलेला एक मुलगा होता. त्याचंही प्रमाण ७२-२८ झालं होतं, पण एकूण रक्कम पाच लाख आणि एसआयपी महिना पंधरा हजार. त्याने काहीही विकलं नाही. पंधराच्या पंधरा हजार डेट फंडात वळवले. भाव तिथेच राहिले असं धरलं तर सात महिन्यांत डेटचं प्रमाण ४० टक्क्यांवर येतं. कर नाही, लोड नाही, आयटीआरचा घोळ नाही. सात महिन्यांनी एसआयपी पुन्हा पूर्ववत.

हेच काकांना का नाही सांगितलं? कारण त्यांची एसआयपी वीस हजार आणि रक्कम तीस लाख. वर्षभर सगळी एसआयपी डेटमध्ये टाकली तरी डेट जेमतेम ३३ टक्के होतं. दोन वर्षांनीही ३८ च्या आत. गाळा तीन वर्षांवर. मोठं पिंप छोट्या तांब्याने भरायला वेळ लागतो. म्हणून तिथे विकावं लागलं. तुमचं कुठलं आहे ते बघायला एक साधी चाळणी: वर्षभराची एसआयपी एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असेल तर नव्या पैशांनी बहुतेक काम होतं. दहाव्या हिश्शाहून कमी असेल तर फार वेळ लागतो.

आणि त्याच्याही आधी एक प्रश्न विचारा. काही करायची गरज तरी आहे का? ठरवलेल्या प्रमाणापासून पाच टक्क्यांच्या आत फरक असेल तर मी स्टेटमेंट बंद करून माल मोजायला जातो. ६० चं ६३ झालं म्हणून धावपळ केली तर खर्च नक्की होतो आणि जोखीम फारशी कमी होत नाही.

एकरकमी गुंतवणूक वर्षाच्या आतली असेल तर तिथेही थांबणंच बरं. समजा नऊ महिन्यांपूर्वी टाकलेल्या पैशांतून ३ लाख ६० हजार विकायचे आहेत आणि त्यात नफा ६० हजार आहे. आज विकले तर २० टक्के आणि सेस मिळून १२,४८०, शिवाय १ टक्का लोड असेल तर ३,६००. एकूण १६,०८०. तीन महिन्यांनी विकले तर दोन्ही शून्य, सव्वा लाखाची सूट शिल्लक असेल तर. तीन महिन्यांत खरंच पैसे लागणार नसतील तर हे सोळा हजार कशासाठी द्यायचे?

उलट्या बाजूला काय?

बाजार पडला आणि इक्विटी ६० वरून ५० वर आली, तर उलटं करावं लागतं. डेट कमी, इक्विटी जास्त. इथे कराची गंमत उलटी आहे. डेट फंडाच्या नव्या युनिटांना सव्वा लाखाची सूट नाही, स्लॅबचा दर लागतो. पण डेटमध्ये नफाच कमी असतो. एक लाख काढले आणि त्यात नफा १५ हजार असेल, तर ३० टक्के स्लॅबवाल्याला सेससकट ४,६८० रुपये कर. म्हणून इथेही आधी एसआयपी इक्विटीकडे वळवा, मग मुदत संपणारी एफडी असेल तर ती पुन्हा न ठेवता तिकडे द्या. तिच्या व्याजावर कर एरवीही लागणारच होता, हलवल्याने वाढत नाही. डेट फंड विकणं त्यानंतर.

काहींना हे सगळं नकोच वाटतं. त्यांच्यासाठी हायब्रिड किंवा बॅलन्स्ड ॲडव्हान्टेज फंड आहेत. फंड मॅनेजर आतल्या आत इक्विटी विकून डेट घेतो, तेव्हा त्याचा कर तुमच्या अंगावर येत नाही. हा खरा फायदा आहे. पण एक अडचण लक्षात ठेवा. बाजार पडलेला असताना पैसे हवे असले तर त्यातला फक्त डेटचा भाग काढता येत नाही. एक युनिट विकलं की इक्विटी आणि डेट दोन्ही विकलं जातं. काकांसारखे गाळ्याचे पैसे असतील तर ते वेगळ्या डब्यातच हवेत.

दोन गोष्टी स्पष्ट सांगतो

पहिली, तोल साधल्याने परतावा वाढतो असं मी म्हणणार नाही. बाजार वर्षानुवर्षं चढत राहिला तर वाढणारी वस्तू कमी केल्यामुळे परतावा उलट थोडा कमी होतो. आपण हे करतो ते जोखीम ठरवलेल्या मापात ठेवायला. आणि दुकानदाराची जोखीम नोकरदारापेक्षा जास्तच असते. मंदी आली की गिऱ्हाईक कमी होतं आणि बाजारही पडतो, दोन्ही एकदम. २०२० मध्ये माझं शटर बंद होतं तेव्हा निफ्टीही खालीच होता. तेव्हा आपलं इक्विटीचं प्रमाण न कळत वाढू देणं आपल्याला परवडत नाही.

दुसरी, हे दर कायमचे नाहीत. माझ्या चुकीच्या वर्षी १५ टक्के होते ते आता २० आहेत, एक लाखाची सूट सव्वा लाख झाली, १० टक्क्यांचे साडेबारा झाले. म्हणून दरवर्षी बजेटनंतर दर तपासा, मग मार्चचा हिशोब मांडा. आकडे बदलतील, क्रम तोच राहील. फरक पाच टक्क्यांच्या आत असेल तर काही नाही. जास्त असेल तर आधी नवे पैसे. ते पुरत नसतील तर वर्षाच्या पुढची युनिटं, सुटीच्या मापात, मार्च आणि एप्रिलमध्ये वाटून. आणि काम पुढच्या दोन-तीन वर्षांत असेल आणि इतकं करूनही कर लागत असेल, तर तो कर मुकाट्याने भरा.

काकांनी एप्रिलमध्ये दुसरा तुकडा हलवला आणि फोन केला. मला वाटलं, कर वाचला म्हणून खूश असतील. ते म्हणाले, "सर, आता बाजाराची बातमी लागली की मी चॅनल बदलत नाही." गाळ्याला अजून दोन वर्षं आहेत. बाजार तोवर कुठे जाईल ते त्यांना माहीत नाही आणि मलाही नाही. पण बारा लाख कुठे आहेत, ते दोघांनाही माहीत आहे.

यंदा माल मोजायला बसाल तेव्हा वहीच्या शेवटच्या पानावर चार आकडे लिहा. इक्विटी किती, डेट किती, ठरवलं होतं किती, आणि जुन्या युनिटांमध्ये नफा किती. चौथा आकडा कॅम्स आणि केफिनटेकच्या स्टेटमेंटवरून किंवा तुमच्या डिस्ट्रिब्युटरकडून काढून घ्या. तो हातात असल्याशिवाय विकायचं बटण दाबू नका.